मालवाहतुकीच्या बिलात जादा आकारणी: परताव्यासाठी अर्ज कसा करावा

परतावा मागण्याचा हक्क भाडं भरणाऱ्याचा. बिल्टीवर ‘टू पे’ असेल तर भाडं माल घेणाऱ्याने दिलेलं असतं, म्हणून अर्जही त्यानेच करायचा. ‘पेड’ किंवा महिन्याच्या खात्यावरची बिल्टी असेल तर पाठवणाऱ्याने.

कुंडईच्या आमच्या काजू युनिटमधलंच एक बिल घ्या. चाकणच्या एका व्यापाऱ्याला 13 किलोचे 20 बॉक्स पाठवले, एकूण 260 किलो. करारात 101 ते 250 किलोला किलोमागे 10 रुपये आणि 251 ते 500 ला 8 रुपये. ट्रान्सपोर्टवाल्याने मात्र 130 किलोच्या दोन बिल्ट्या फाडल्या. बिल असं आलं: भाडं 2600, बिल्टी चार्ज 100 प्रमाणे 200, भाड्यावर 10 टक्के डिझेल अधिभार 260 आणि ‘ओडीए’, म्हणजे नेहमीच्या डिलिव्हरीच्या भागाबाहेर माल पोचवण्याचा जादा आकार, 500. एकूण 3560.

एकाच बिल्टीवर भाडं 2080 झालं असतं, बिल्टी चार्ज 100, अधिभार 208. ओडीए लागतच नाही, कारण करारातल्या पिनकोड यादीत चाकण नेहमीच्या डिलिव्हरीच्या भागात आहे. म्हणजे 2388. फरक 1172 रुपयांचा. एक चुकीचा स्लॅब अधिभारही फुगवतो, हे नीट लक्षात ठेवा.

पण दोन बिल्ट्या दिसल्या की लगेच चूक धरू नका. माल दोन दिवशी गेला असेल तर त्या बरोबरच आहेत. दोन्हींवर आपला टॅक्स इन्व्हॉइस नंबर एकच आहे का आणि आपल्या गेटपासवर गाडी, तारीख, वेळ एकच आहे का, ते पाहा. तसं असेल तर माल एकच होता. बॉक्स हलके आणि मोठे असतील तर आकारमानाचं वजनही करारातल्या सूत्राने काढून बघा. दोन्हींतलं जे जास्त, त्यावरच भाडं लागतं.

एकच बिल्टी दोन महिन्यांच्या बिलांत येण्याचा प्रकारही होतो. सगळ्या बिलांच्या बिल्टी नंबरांची एक्सेलच्या B कॉलममध्ये B2 पासून एकच यादी करून शेजारच्या कॉलममध्ये हे लावा आणि खालपर्यंत ओढा:

```
=COUNTIF(B:B,B2)
```

उत्तर 1 पेक्षा जास्त आलं की मूळ बिल्टी काढा. नंबरामागे ‘ए’सारखं अक्षर जोडलेलं असेल तर हे सूत्र फसतं, म्हणून तारीख आणि वजनही जुळवा.

अर्जासोबत दरपत्रकासह करार, बिल, बिल्टीची प्रत, टॅक्स इन्व्हॉइस, वजनकाट्याची पावती, गेटपास आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पोहोच जोडा. पत्रात प्रत्येक बिल्टीपुढे आकारलेली रक्कम, करारानुसार रक्कम आणि फरक लिहा, सोबत कराराचं कलम. हरकतीची मुदत करारात आधी बघा; ती उलटली तर कागद बरोबर असूनही ट्रान्सपोर्टवाला हात वर करतो.

फरक परस्पर कापून पैसे देऊ नका, क्रेडिट नोटच मागा. बिलात जीएसटी लावलेला असेल तर नोटेत तोही कमी झालेला दिसला पाहिजे.