उडालेल्या पावत्या व कार्बन प्रतींचे पुनर्वाचन

थर्मल कागदावरील पावत्या किंवा कार्बनखाली उमटलेल्या प्रती जवळजवळ कोऱ्या दिसू लागल्यावर त्यांवरील मजकूर पुन्हा वाचता येईल असा करण्याची पद्धती. बोलण्यात दोन्हींबद्दल ‘अक्षरे उडाली’ असेच म्हटले जाते, पण उडण्याची कारणे वेगळी असल्याने उपायही वेगळे पडतात. थर्मल पावतीवर शाई मुळात नसतेच. तिथे कागदाच्या लेपातील रसायन रंग बदलते. कार्बन प्रतीवर मेणात कालवलेले रंगकण चिकटलेले असतात आणि त्यांच्याखाली पेनच्या दाबाची खाच असते. त्यामुळे कागद हाती आल्यावर त्यावर नेमके काय शिल्लक आहे, हे आधी ठरवावे लागते.

थर्मल कागदाच्या लेपात एक रंगहीन रंजक आणि त्याला रंगात आणणारे आम्लधर्मी द्रव्य (बहुधा बिस्फेनॉल जातीचे) शेजारी शेजारी, पण वेगळे असते. छपाईयंत्राचे तापलेले टोक जिथे टेकते तिथे लेप वितळतो, दोन्ही एकत्र येतात आणि काळा ठिपका उमटतो. ही क्रिया उलटू शकते, हीच या पावतीची मेख आहे. प्लास्टिकच्या मऊ पाकिटातील मृदुकारक, हाताचे तेल, सॅनिटायझरमधील अल्कोहोल किंवा चिकटपट्टीचा गोंद त्या जोडीला पुन्हा वेगळे करतो आणि रंजक रंगहीन अवस्थेत परततो. ऊन आणि दमट हवाही हेच काम सावकाश करतात. म्हणजे पावती जपावी म्हणून पाकिटात सरकवणारा माणूसच बहुधा ती घालवतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण त्याच्या उष्णतेने आख्खी पावती काळी पडते.

पुनर्वाचनाची पहिली पायरी म्हणजे मूळ कागदाला धक्का न लावता त्याचे रंगीत स्कॅन घेणे. ते ६०० डीपीआयला, टिफ स्वरूपात घ्यावे; जेपेगच्या आकुंचनात सर्वांत आधी असले फिकट फरकच जातात. कृष्णधवल स्कॅन घेण्याची चूक सर्रास होते. उडालेल्या अक्षरांचा उरलेला रंग क्वचितच शुद्ध करडा असतो. तो पिवळट, तपकिरी किंवा जांभळट असतो. पिवळट रंग निळा प्रकाश शोषतो, म्हणून स्कॅनचे लाल, हिरवे व निळे थर सुटे केल्यावर निळ्या थरात तो सर्वांत गडद दिसतो. जांभळट छटा हिरव्या थरात आणि निळसर छटा लाल थरात उठते. योग्य थर निवडून त्याच्या छटांचा अरुंद पट्टा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ताणला की पुष्कळदा एवढ्यावरच काम भागते.

न भागल्यास ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली, अंधाऱ्या खोलीत पावती पाहावी. कागद उजळतो आणि अक्षरांच्या जागा त्यावर काळसर दिसू शकतात. हा प्रकाशही रंजकाला घातक असल्याने छायाचित्र घेण्यापुरताच दिवा लावावा. अवरक्त प्रकाशाचा मात्र इथे उपयोग नाही: थर्मल छपाईचे नेहमीचे रंजक तो शोषत नाहीत, त्यामुळे ठळक पावतीसुद्धा अवरक्त कॅमेऱ्याला कोरी दिसते.

केस वाळवण्याच्या यंत्राने पावती मागून शेकण्याचा घरगुती उपाय प्रसिद्ध आहे आणि तो कधी कधी खरोखर लागू पडतो. न छापलेल्या भागातील लेप अजून ताजा असतो, तो काळवंडतो. अक्षरांच्या जागी मात्र लेपाची जुळणी पूर्वीच बदललेली असल्याने तिथे तितका काळेपणा येत नाही आणि काळ्यावर फिकट असा मजकूर दिसतो. पण हा शेवटचा उपाय आहे, कारण तो परत फिरवता येत नाही आणि क्षणभर जास्त शेकले तर सगळेच काळे होते. आधी मजकूर नसलेला कोपरा शेकून पाहावा. तो काळवंडला नाही, तर मृदुकारक सगळीकडे मुरला आहे असे समजून तिथेच थांबावे.

एवढे करूनही काही अंक संशयास्पद राहतात, आणि तिथे पावतीचा स्वतःचा हिशेब मदतीला येतो. समजा, १८ टक्के दराच्या मिक्सरच्या पावतीवर करपूर्व रक्कम ३,?५०.००, केंद्रीय कर ९ टक्के म्हणजे ३?०.५० आणि एकूण ४,०७?.०० असे वाचता आले. करपूर्व रकमेतील हरवलेल्या जागी शून्यापासून नऊपर्यंत अंक ठेवून पाहिले, तर ९ टक्के काढल्यावर ३?०.५० या साच्यात बसणारी रक्कम एकच येते: ३,४५० वर ३१०.५०. राज्याचा करही तेवढाच, म्हणून एकूण ४,०७१. दुकानाच्या पंधरा स्थानांच्या जीएसटी क्रमांकालाही असाच साचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०), पुढची दहा स्थाने पॅनची, त्यांत पाच अक्षरे, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर. त्यामुळे आठ की रोमन बी, पाच की एस, हा वाद स्थानावरूनच सुटतो, आणि शेवटचे पडताळणी चिन्ह उरलेल्या वाचनाची परीक्षा घेते. तर्काने भरलेला अंक आणि डोळ्यांनी वाचलेला अंक नक्कल करताना वेगळे दाखवलेच पाहिजेत.

कार्बन प्रतीची गोष्ट निराळी. काळ्या कार्बनमधील काजळी उडत नाही. पावतीपुस्तकातील स्थळप्रत फिकट असते ती बहुधा कार्बन जुना झाल्याने किंवा हात हलका पडल्याने. काजळी अवरक्त प्रकाशही शोषते, म्हणून थर्मलला निरुपयोगी ठरलेला अवरक्त कॅमेरा इथे कामी येतो. विशेषतः वरून निळा शिक्का किंवा बॉलपेनची सही पडली असेल, तर तसल्या बऱ्याच शाया त्या प्रकाशात नाहीशा होतात आणि खालचा काळा आकडा उरतो. निळा कार्बन मात्र रंजकांचा असतो. तो प्रकाशात फिकटतो, आणि त्याच्यासाठी स्कॅनचा लाल थर पाहावा. कार्बनविना उमटणारे कागद १९५४ मध्ये अमेरिकेतील एनसीआर कंपनीने बाजारात आणले. त्यांत रंगहीन रंजकाच्या सूक्ष्म कुप्या दाबाने फुटतात; रसायनाने ते थर्मलचे भाऊबंद असल्याने त्यांची अक्षरेही तशीच उडतात.

रंग पुरता गेला तरी दाबाची खाच राहते. अंधारात विजेरी कागदाला जवळजवळ समांतर धरली की खाचांच्या सावल्या पडतात. मात्र प्रकाशाच्या दिशेने जाणाऱ्या रेघेला सावली नसते. देवनागरीत हे लगेच जाणवते: प्रकाश डावीकडून आला तर काने आणि उभे दंड दिसतात पण शिरोरेषा हरवते, वरून आला तर शिरोरेषा येते आणि काने जातात. म्हणून कॅमेरा स्थिर ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि ती एकत्र वाचावीत. पुस्तकातल्या वरच्या पावतीची खाचही खालच्या पानावर उतरते, त्यामुळे आदल्या वर्गणीदाराची रक्कम पुढच्याच्या नावावर वाचली जाण्याचा धोका असतो. दहापट भिंगाखाली खाचेत रंगकण दिसले तर ते त्याच पावतीचे. कोरी खाच वरून आलेली असण्याचा संभव अधिक.

खाचेवर पेन्सिल घासण्याचा मोह टाळावा. त्याने मजकूर एकदा दिसतो, पण कागदावर कायमचा डाग राहतो आणि पुढची तपासणी बिघडते. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत त्याऐवजी स्थिरविद्युत पद्धती वापरतात: किंचित दमट केलेल्या कागदावर अतिपातळ प्लास्टिकचा पापुद्रा निर्वाताने बसवून तो विद्युतभारित करतात आणि त्यावर काळी टोनरभुकटी सोडतात, ती खाचांच्या जागी धरते. कागद पाण्यात भिजून गेला असेल, तर या पद्धतीला बहुधा यश येत नाही.