स्थिर फ्रेम : व्यक्ती ओळखण्याचा पुरावा

व्हिडिओ क्लिपमधली एकच फ्रेम वेगळी काढून ‘यात दिसतो तो अमुक’ असे म्हणणे, हे पूर्ण क्लिप पाहून तेच म्हणण्यापेक्षा बरेच कच्चे ठरते. फ्रेममध्ये माहिती कमी असते एवढेच त्याचे कारण नाही. चित्रात दिसणाऱ्या खुणांपैकी चेहऱ्याच्या कोणत्या आणि त्या क्षणीच्या उजेडाने, हालचालीने किंवा रेकॉर्डिंगने उमटवलेल्या कोणत्या, हे एकटी फ्रेम सांगू शकत नाही. ते कळायला तिच्या मागच्यापुढच्या फ्रेम लागतात. सीसीटीव्हीच्या चित्रणात हा फरक सर्वांत ठळकपणे दिसतो, त्यामुळे ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

पुण्यातल्या सोसायट्यांत हमखास आढळणारी मांडणी उदाहरणादाखल घेऊ. प्रसंग कल्पित आहे, आकडे मात्र अशा कॅमेऱ्यांना साजेसे आहेत. कोथरूडमधली एक सोसायटी. फाटकापाशी सुमारे ३ मीटर उंचीवर कॅमेरा, समोर दुचाकींचे पार्किंग, चित्रण साठवणारे यंत्र, म्हणजे डीव्हीआर, वॉचमनच्या केबिनमध्ये. रात्री दीडच्या सुमारास एक जण आत येतो, एका स्कूटरपाशी घुटमळतो आणि ती ढकलत बाहेर नेतो. क्लिप २० सेकंदांची आहे. सेकंदाला १५ फ्रेम धरल्या तर एकूण ३०० फ्रेम होतात. सकाळी कोणीतरी मॉनिटरवर क्लिप थांबवून मोबाइलने फोटो काढतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. फोटोत पांढरट शर्ट, हनुवटीवर दाढी आणि डाव्या गालावर काळा ठिपका दिसतो. दुपारपर्यंत ग्रुपवर नावही ठरलेले असते: पूर्वी दूध टाकायला येणारा मुलगा.

आता हीच क्लिप सुरुवातीपासून पाहू आणि तिन्ही खुणा एकेक करून तपासू.

शर्टाचा रंग सर्वांत आधी गळतो. अंधारात असे कॅमेरे इन्फ्रारेड दिव्यांवर चालतात आणि चित्र कृष्णधवल होते. तेव्हा टिपली जाते ती कापडाने परत पाठवलेली इन्फ्रारेड किरणे, डोळ्यांना दिसणारा रंग नव्हे. बरीच गडद, विशेषतः कृत्रिम धाग्याची कापडे ही किरणे भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे काळा किंवा निळा शर्ट पांढुरका दिसू शकतो. आपल्या क्लिपमध्ये माणूस आत येताच पार्किंगचा सेन्सरवाला दिवा लागतो, काही सेकंदांनी कॅमेरा रंगीत चित्रणावर येतो आणि दहाव्या सेकंदाला तोच शर्ट गडद निळा असल्याचे दिसते. फोटो निघाला होता चौथ्या सेकंदाचा.

दाढीचेही तसेच होते. दिवा डोक्यावर आहे, त्यामुळे मान खाली घातली की ओठाखाली आणि हनुवटीवर सावली पडते. सहाव्या सेकंदाला तो वरच्या मजल्याकडे पाहतो तेव्हा सावली सरकून गळ्यावर उतरते आणि हनुवटी स्वच्छ दिसते. दाढी असती तर ती प्रकाशाच्या दिशेप्रमाणे जागा बदलत नसती.

तिसरी खूण गालावरचा ठिपका, आणि खरी तपासणी इथे सुरू होते. डीव्हीआर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एच.२६४ किंवा एच.२६५ या चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धतींत ठरावीक अंतराने एक संपूर्ण चित्र साठवले जाते. आपल्या उदाहरणात दर दोन सेकंदांनी, म्हणजे ३० फ्रेममधून एक. त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये बहुतांशी आधीच्या चित्रापासून काय बदलले एवढेच नोंदवले जाते, तेही चित्राचे चौकोनी तुकडे पाडून. हार्ड डिस्कवर जास्त दिवस मावावेत म्हणून बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवायची माहिती, कमी ठेवला की हे तुकडे ढोबळ होत जातात. मग काही ठिकाणी आधीच्या क्षणाचाच तुकडा पुढे चालू राहतो, आणि चौकोनाच्या कडेला कधी डाग, कधी व्रणासारखी रेघ उमटते. रात्रीच्या चित्रातली खरखर घालवणारी सोयसुद्धा लागोपाठच्या फ्रेम एकमेकींत मिसळते. फोटोत दिसणारा चेहरा म्हणजे एकाच क्षणाचा चेहरा, असे म्हणूनच खात्रीने सांगता येत नाही.

अशा वेळी पाहायचे ते हे: ठिपका चेहऱ्याबरोबर फिरतो, की चित्रातल्या चौकोनांना चिकटून राहतो? माणसाने मान वळवली की खरा तीळ गालाबरोबर कानाच्या बाजूला सरकतो, अरुंद होतो आणि मान परत आली की पुन्हा मूळ जागी येतो. रेकॉर्डिंगने पाडलेला डाग बहुधा पुढची आय-फ्रेम येताच नाहीसा होतो किंवा गाल हलला तरी जागचा हलत नाही. आपल्या क्लिपमध्ये ठिपका गालाबरोबर फिरतो आणि दोन आय-फ्रेम ओलांडूनही टिकतो. म्हणजे तो चेहऱ्यावरच आहे. काही कॅमेऱ्यांत चित्र आरशासारखे उलटवण्याची सेटिंग असते, म्हणून ‘डावा’ गाल खरोखर डावाच का, हेही पाहावे लागते. स्कूटरची नंबर प्लेट क्लिपमध्ये सरळ वाचता येते, तेव्हा ती शंकाही मिटते.

तात्पर्य, ग्रुपवर नाव ठरले ते ज्यांच्या जोरावर, त्या तीनपैकी दोन खुणा क्लिपने खोडल्या आणि तिसरी पक्की केली. दूध टाकणाऱ्या मुलाच्या डाव्या गालावर तीळ आहे का, हा प्रश्न त्यानंतर विचारण्याजोगा ठरतो, आधी नव्हे.

चेहरा चित्रात केवढा आला आहे, यालाही मर्यादा आहे. सीसीटीव्हीसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी व्यक्तीची निःशंक ओळख पटण्यासाठी तिच्या जागी दर मीटरला २५० पिक्सेल मिळावेत. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात फाटकापाशी ८ मीटर रुंदीची जागा मावत असेल तर मीटरला २४० पिक्सेल पडतात. १५ सेंटिमीटर रुंद चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम ३६. त्यातच रात्री शटर सेकंदाचा पंचविसावा भाग उघडे राहिले, तर सेकंदाला १.४ मीटर या सहज चालीने आडवा जाणारा माणूस तेवढ्यात साडेपाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून अधिक. नाक आणि गाल एकमेकांत फासले जातात. पण कुलपाशी झटापट करताना तो दीड-दोन सेकंद स्थिर उभा राहतो, आणि क्लिप हाती असेल तर त्या फ्रेम गाठता येतात.

फ्रेमचा सर्वांत मोठा दोष मात्र तांत्रिक नाही. ती कोणीतरी निवडलेली असते. तीनशेतून एक उचलणाऱ्याच्या मनात आधीच नाव असेल, तर त्या नावाशी जुळणारीच फ्रेम त्याला ‘स्पष्ट’ वाटते. यात लबाडी असायलाच हवी असे नाही. अर्धवट मिटलेले डोळे, बोलताना वाकडे झालेले तोंड, भिंगाच्या कडेला ताणला गेलेला चेहरा, यांतून एकाच माणसाचे चार वेगळे चेहरे निघतात. जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन व्यक्तींचे प्रत्येकी २० असे ४० फोटो लोकांना दिले आणि व्यक्तीनुसार गठ्ठे करायला सांगितले. ते चेहरे ओळखीचे नसलेल्यांनी साधारणपणे सात-आठ गठ्ठे केले, म्हणजे दोन माणसांची सात-आठ माणसे झाली; ओळखणाऱ्यांना दोन गठ्ठे करणे सोपे गेले. म्हणून नीट चाललेल्या तुलनेत तपासणारा आधी फक्त क्लिप पाहून चेहऱ्याची वैशिष्ट्ये लिहून काढतो, आणि संशयिताचा फोटो त्याला नंतर दाखवला जातो. क्रम उलटला की टिपणातही फोटोच डोकावू लागतो.

उंचीबाबतही एका फ्रेमवर विसंबता येत नाही. चालताना दोन्ही पाय जमिनीला टेकलेले असतात तेव्हा डोके सर्वांत खाली असते आणि एका पायावर भार असताना सर्वांत वर. हा फरक सुमारे चार-पाच सेंटिमीटरचा असतो. फाटकाच्या खांबाशी उंची ताडून पाहायची तर माणूस खांबाजवळून जाताना, भार एका पायावर असतानाची फ्रेम शोधावी लागते, आणि ती पूर्ण पावलाची हालचाल पाहिल्याशिवाय सापडत नाही. पुण्यात दुचाकीवर डोळ्यांखेरीज सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळण्याची जी पद्धत आहे, तिच्यापुढे फ्रेम पुरतीच निरुपयोगी होते. क्लिपमध्ये निदान चाल, गाडीवर बसण्याची लकब, कोणता हात पुढे होतो, एवढे उरते. चालीवरून एखाद्याला वगळता येते. नाव ठरवण्याइतका भरवसा तिच्यावर टाकू नये.

क्लिपचेही कौतुक प्रमाणातच हवे. लागोपाठच्या पंधरा फ्रेम म्हणजे पंधरा साक्षीदार नव्हेत. टोपीची सावली पंधराही फ्रेममध्ये तीच असेल, तर एकच चूक पंधरा वेळा दिसते. क्लिपची किंमत वाढते ती कोन, उजेड आणि हावभाव बदलल्याने. सारखी पाठमोरी राहिलेली व्यक्ती दहा मिनिटे दिसली, तरी चेहऱ्याविषयी काहीच कळत नाही. पाहणारा कोण, यानेही फरक पडतो. ओळखीच्या माणसाला लोक खराब चित्रणातही चांगले ओळखतात, हे बर्टन आणि सहकाऱ्यांच्या १९९९ मधल्या प्रयोगात दिसले. अनोळखी चेहरे ओळखण्यात त्याच प्रयोगातले पोलीसही कमी पडले.

कोर्टात जायची वेळ आली तर फ्रेम कोठून आली हे दाखवता यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, नोंदवायचे असते. आधीच्या कायद्याखाली या प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात अधोरेखित केली होती. तिथे वाद चेहऱ्याचा नव्हता, उमेदवारी अर्ज किती वाजता आला याचा होता, आणि पुरावा व्हिडिओ चित्रणाचाच होता. मॉनिटरच्या मोबाइल-फोटोलाही हॅश काढता येतो, पण त्यावरून तो फोटो डीव्हीआरमधल्या कोणत्या फाइलचा, हे सिद्ध होत नाही.

म्हणून डीव्हीआरमधून क्लिप मूळ स्वरूपात, घटनेच्या आधीची व नंतरची काही मिनिटे धरून काढतात, हॅश तिथल्या तिथे घेतात, आणि अहवालात फ्रेम छापायची असल्यास तिच्याखाली फाइलचे नाव व फ्रेमचा क्रमांक देतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या व्हिडिओसारखी पाठवलेली प्रत चालत नाही, कारण तिथे चित्र नव्याने दाबले जाते आणि गालावरच्या ठिपक्यासारख्या खुणा आधी मरतात. घाई करावी लागते ती वेगळ्याच कारणाने: डिस्क भरली की डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे लिहितो, आणि बहुतेक सोसायट्यांत ही वेळ काही आठवड्यांतच येते. क्लिप काढताना डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहून ठेवतात. डीव्हीआरचे घड्याळ पुढेमागे असणे अगदी नेहमीचे आहे.