तोंडाशी आलेला शब्द आणि क्रियापदाला खेटलेला शब्द

पुण्यात गुरुवारी पाणी बंद असण्याची सवय बहुतेकांना आहे. बुधवारी रात्री सोसायटीच्या ग्रुपवर असा निरोप पडतो, असं धरू:

टँकरने गुरुवारी बी विंगला पाणी येणार आहे.

लिहिणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे की उद्या नळ कोरडा, टँकर मागवलाय. टँकर महत्त्वाचा म्हणून तो वाक्यात सगळ्यात आधी. पण वाचणारे विचारतात, ‘मग सी विंगला कशाने येणार?’ सी विंगचा विषय कोणी काढलाच नव्हता. तो काढला शब्दांच्या क्रमाने.

मराठीत शब्द हवे तसे फिरवता येतात, हे खरं. ‘ने’, ‘ला’, ‘त’, ‘हून’ असे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात, त्यामुळे कोणाचं वाक्यात काय काम आहे ते जागा बदलली तरी कळतं. ‘टँकरने’ कुठेही ठेवा, ते साधनच राहतं. पण यावरून दोन समजुती निघतात आणि दोन्ही फसवतात. एक, क्रम कसाही चालतो. दुसरी, महत्त्वाचा शब्द आधी घालावा. वाक्यात जोराच्या वाटणाऱ्या जागा दोन आहेत, एक तोंडाशी आणि एक क्रियापदाच्या लगत आधी, आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

तोंडाशी येतो तो विषय: आपण कशाबद्दल बोलतोय ते. वाचणाऱ्याला तो आधीच ठाऊक असतो, किंवा ठाऊक आहे असं धरून आपण पुढे जातो. क्रियापदाला खेटून येते ती बातमी: वाचणाऱ्याकडे जी जागा रिकामी आहे, ती भरणारा शब्द. याचा पुरावा रोजच्या बोलण्यात आहे. प्रश्नार्थक शब्द सहसा कुठे बसतो पाहा: ‘पाणी कधी येणार?’, ‘चावी कोणी नेली?’, ‘तू काल कुठे गेला होतास?’ आणि उत्तर त्याच खुर्चीत येऊन बसतं: ‘मी काल मंडईत गेलो होतो.’ ‘मंडईत मी काल गेलो होतो’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते ‘मंडईत कधी गेला होतास?’ याचं उत्तर आहे.

आता टँकरचं वाक्य तेच ठेवून एकेक शब्द त्या खुर्चीत बसवू. प्रत्येक वेळी ‘नव्हे’ लावलेलं एक शेपूट जोडायचं आणि कोणतं शेपूट बसतं ते बघायचं.

‘गुरुवारी बी विंगला पाणी टँकरने येणार आहे’ याला ‘नळाने नव्हे’ हे शेपूट अगदी सहज बसतं. ‘शुक्रवारी नव्हे’ जोडून बघा, लगेच खटकतं.

‘बी विंगला पाणी टँकरने गुरुवारी येणार आहे’ याचं शेपूट ‘शुक्रवारी नव्हे’. टँकर येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, वाद फक्त वाराचा होता.

‘गुरुवारी टँकरने पाणी बी विंगला येणार आहे’ हे वाक्य ए विंगच्या लोकांना चिडवायला पुरेसं आहे. शेपूट ‘ए विंगला नव्हे’.

आणि ‘गुरुवारी बी विंगला टँकरने पाणी येणार आहे’? इथे क्रियापदाआधी ‘पाणी’ आहे, पण ‘दूध नव्हे’ असं कोणी जोडणार नाही. हा साधा क्रम आहे. ‘पाणी येणे’, ‘चहा पिणे’, ‘पेपर वाचणे’ अशा ठिकाणी बिनप्रत्ययाचं नाम स्वभावतःच क्रियापदाजवळ राहतं, म्हणून तिथे त्याच्यावर वेगळा जोर ऐकू येत नाही. अख्खं वाक्यच बातमी होतं. जोर स्पष्ट होतो तो त्या नामाला उठवून दुसरा शब्द तिथे बसवल्यावर. ‘मी सकाळी चहा पितो’ ही नुसती दिनचर्या. ‘मी चहा सकाळी पितो’ म्हणजे दुपारी विचारू नका.

मग तोंडाशी गेलेल्या ‘टँकरने’चं काय झालं? ते विषय बनलं: ‘टँकरने म्हणाल, तर बी विंगला पाणी येणार आहे.’ विषय म्हणून एखादी अनपेक्षित गोष्ट पुढे आणली की वाचणारा आपोआप तिची जोडी शोधतो. टँकरने यांना, मग दुसऱ्या कशाने कोणाला? सी विंगचा प्रश्न इथून आला. एरवी विषय म्हणून काळ, स्थळ किंवा कर्ता तोंडाशी असतो, तेव्हा अशी जोडी कोणी शोधत नाही. म्हणून ‘गुरुवारी’ने सुरू झालेली सूचना कोणालाच खटकत नाही.

बोलताना हा घोटाळा फारसा होत नाही. आवाज चढवून आपण ‘टँकरने’ कुठेही ठासून म्हणू शकतो, अगदी शेवटीसुद्धा. मोबाईलवर टाइप करताना आवाज नसतो आणि तोंडी सवय मात्र तशीच राहते. क्रियापदानंतर टाकलेल्या शब्दांचंही असंच आहे. ‘येणार आहे पाणी गुरुवारी’ बोलताना छान लागतं. त्यात जोर ‘येणार’वर असतो आणि मागचे शब्द ठाऊक असलेल्या गोष्टींची आठवण म्हणून येतात. ‘होतास कुठे इतके दिवस?’ मध्ये ‘कुठे’ मागे गेल्याबरोबर चौकशीची झाडाझडती होते, ती याचमुळे. म्हणून लेखी सूचनेत तारीख, वेळ, जागा क्रियापदाच्या मागे टाकू नये. वाचणारा ती जुनी माहिती समजून ओलांडतो.

‘नाही’ आलं की जागेचा प्रश्न नुसता जोराचा उरत नाही, अर्थच बदलतो. ‘नाही’ची धाव सगळ्यात आधी शेजारच्या शब्दावर जाते. ‘मी रिक्षाने सभेला आलो नाही’ आणि ‘मी सभेला रिक्षाने आलो नाही’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. दुसऱ्यात माणूस सभेला आलेला आहे, फक्त रिक्षाने नाही. पहिलं वाचून तो आलाच नाही असं वाटू शकतं. सभेच्या इतिवृत्तात तर ‘सगळे’ हा शब्द फार त्रास देतो. ‘सगळे सभासद सभेला आले नाहीत’ याचे दोन अर्थ निघतात: कोणीच आलं नाही, किंवा काही आले आणि काही नाही. ‘सभेला सगळे सभासद आले नाहीत’ असं लिहिलं की ‘सगळे सभासद’ ‘नाही’च्या लगत येतात आणि काहीजण आले होते हा अर्थ बळावतो. खरंच कोणी आलं नसेल, तर क्रमावर विसंबू नये, सरळ ‘एकही सभासद आला नाही’ लिहावं. गणपूर्तीवरून पुढे भांडण व्हायचं असेल तर ते निदान व्याकरणामुळे नको.

‘क्रियापदाच्या लगत’ म्हणताना क्रियापद कुठे सुरू होतं, हे आधी नीट पाहावं लागतं. ‘मदत करणे’, ‘फोन करणे’, ‘बंद ठेवणे’, ‘सुरू होणे’ ही जोडपी आहेत, त्यांच्या मधे सहसा घुसायचं नसतं. जोराचा शब्द जोडप्याच्या आधी ठेवायचा. ‘मी सचिवांना काल फोन केला’ यात जोर कालवर. ‘मी सचिवांना फोन काल केला’ असंही लोक म्हणतात, पण तेव्हा फोनचा विषय आधी निघालेला असतो. सुटं वाक्य म्हणून ते अडखळतं. तसंच विशेषण आणि षष्ठीचा शब्द आपल्या नामाला सोडून एकटे हलत नाहीत. ‘बी विंगच्या टाकीत’ हलवायचं तर सगळं मिळून.

दुसरी मर्यादा लांबीची. जोराची गोष्ट दहाबारा शब्दांची असेल, तर ती क्रियापदाआधी कोंबल्यावर जोर मिळत नाही, दम लागतो. अशा वेळी क्रियापद आधी संपवून ‘की’ने पुढे जावं: ‘समितीने ठरवलं आहे की…’ तिसरी मर्यादा प्रत्ययच नसण्याची. ‘मांजर उंदीर पकडतं’ इथे दोन्ही शब्द उघडे आहेत. मांजर आणि उंदीर यांच्या स्वभावामुळे आणि ‘पकडतं’च्या लिंगामुळे अर्थ निभावतो. पण ‘ए विंग बी विंग हरवेल’ असं लिहिलं तर कोण जिंकणार ते फक्त क्रमावर ठरतं, आणि वाचणारा दोनदा वाचतो. जोरासाठी शब्द फिरवायचे तर आधी ‘ला’ लावा: ‘बी विंगला ए विंग हरवेल.’ आता फिरवायला मोकळे.

अनेकजण या सगळ्याला पर्याय म्हणून ‘च’ लावतात. पण ‘च’चं काम वेगळं आहे. ‘पाणी टँकरने येणार आहे’ म्हणजे कसं येणार याचं उत्तर. ‘पाणी टँकरनेच येणार आहे’ म्हणजे दुसरा कोणताही मार्ग नाही, किंवा कोणीतरी शंका घेतली होती आणि तिला उत्तर दिलंय. शंका नसताना ‘च’ लावला तर सूचनेला विनाकारण भांडणाचा वास येतो. पुणेरी पाट्यांना जो येतो, त्यात या ‘च’चा वाटा बराच आहे.

पाट्यांचंच घ्यायचं तर ‘चपला बाहेर काढाव्यात’ ही पाटी नेमकी आहे. चपला काढायच्या हे सगळ्यांना ठाऊक, प्रश्न कुठे एवढाच, आणि ‘बाहेर’ योग्य खुर्चीत आहे. ‘बाहेर चपला काढाव्यात’ वाचलं की बाहेर काय करायचं ते कळतं. आत काय करायचं याची पाटी वेगळी असावी असं वाटत राहतं. आणि ‘दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील’? वाक्यात दोष नाही, साधा क्रम आहे, वेळ विषयाच्या जागी. पण ही पाटी वाचणारा दोन वाजता बंद दारासमोर उभा असतो. दुकान बंद आहे हे त्याला दिसतंय. त्याची रिकामी जागा ‘कधी उघडणार’ ही आहे, म्हणून त्याच्यासाठी पाटी अशी हवी: ‘दुकान दुपारी ४ वाजता उघडेल.’

सूचना पाठवण्यापूर्वी हेच करायचं. वाचणाऱ्याच्या मनात कोणता एक प्रश्न आहे तो ठरवायचा, त्याच्या उत्तराचा शब्द उचलून क्रियापदाला, किंवा जोडक्रियापद असेल तर अख्ख्या जोडप्याला, खेटून ठेवायचा, आणि त्याला ठाऊक असलेली गोष्ट तोंडाशी न्यायची. मग मनातल्या मनात ‘नव्हे’चं शेपूट जोडून वाचायचं. नको ते शेपूट बसलं, तर चुकीचा शब्द खुर्चीत आहे. उत्तरं दोन असतील, म्हणजे टँकरने आणि तेही सकाळी ७ वाजता, तर एकाच खुर्चीत दोघांना बसवण्यापेक्षा दोन वाक्यं करावीत:

गुरुवारी बी विंगला पाणी टँकरने येणार आहे. टँकर सकाळी ७ वाजता येईल.