आण्याच्या मोडीपासून लाखांच्या रकान्यापर्यंत: पोटबेरजा एकूण बेरजेशी का जुळत नाहीत

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर नवे पैसे झाले. काही काळ दोन्ही नाणी बाजारात एकत्र फिरत होती आणि म्हणून आण्याचे नव्या पैशांत किती, याचा तक्ता लागे. एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैशाचे नाणे नव्हते, त्यामुळे तक्त्यात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५ असे आकडे होते. अर्धा पैसा किंवा त्याहून कमी उरला तर सोडायचा आणि अर्ध्याहून जास्त उरला तर पूर्ण धरायचा, हा त्यामागचा नियम.

हाच तक्ता जरा तिरक्या नजरेने वाचा. एका आण्याची एक वस्तू आणि दोन आण्यांची दुसरी वेगवेगळी घेतली, तर ६ आणि १२ मिळून १८ पैसे होतात. दोन्ही एकदम घेऊन तीन आण्यांचा हिशेब केला, तर १९. सोळा आणे एकेक करून मोडले तर हातात ९६ पैसे येतात, आणि चार पैसे कुठे गेले ते कुणालाच सांगता येत नाही. चूक कुणाचीच नाही. आधी पूर्णांकात आणून मग बेरीज करणे आणि आधी बेरीज करून मग पूर्णांकात आणणे ही दोन वेगळी गणिते आहेत. त्यांची उत्तरे पुष्कळदा सारखी येतात, म्हणूनच ती सारखी आली नाहीत की माणूस दचकतो.

आज हाच प्रश्न लाखांच्या आणि कोटींच्या रकान्यांत भेटतो. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात वित्तीय पत्रके कोणत्या एककात मांडायची ते दिले आहे. एकूण उत्पन्न शंभर कोटींहून कमी असेल तर शेकडा, हजार, लाख किंवा दशलक्ष, आणि शंभर कोटी किंवा जास्त असेल तर लाख, दशलक्ष किंवा कोटी. पूर्वी हे ऐच्छिक होते, १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक झाले. एकदा निवडलेले एकक सगळ्या पत्रकांत सारखे ठेवावे लागते. म्हणजे शेवटचे आकडे कापूनच पत्रक छापायचे आहे, आणि कापताना ताळा सुटण्याची शक्यता त्यासोबत आलीच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका वितरकाचे तीन विभाग आहेत आणि महिन्याची विक्री लाखांत द्यायची आहे. पुणे विभागातल्या तीन डेपोंची विक्री १२.४२, ८.५७ आणि ५.४४ लाख, मिळून २६.४३. नाशिकची ९.३६, ७.७१ आणि ३.३१, मिळून २०.३८. नागपूरची ६.३८, ४.६२ आणि २.४१, मिळून १३.४१. तिन्ही विभागांची एकूण विक्री ६०.२२ लाख.

आता सगळे पूर्ण लाखांत छापा. पुण्याचे १२, ९ आणि ५ मिळून २६. नाशिकचे ९, ८ आणि ३ मिळून २०. नागपूरचे ६, ५ आणि २ मिळून १३. प्रत्येक पोटबेरीज आपल्या ओळींशी चोख जुळते. पण २६, २० आणि १३ यांची बेरीज ५९ होते, आणि खाली एकूण म्हणून ६० छापलेले असते. तिन्ही विभागांनी मागे टाकलेले ०.४३, ०.३८ आणि ०.४१ एकत्र आल्यावर लाखाहून जास्त भरले आणि एकूण बेरीज एकाने वर गेली.

साहेब बैठकीत कॅल्क्युलेटर काढतात तो नेमका याच जागी. मग खालच्या पातळीवर जो उपाय केला जातो, तो बहुधा चुकीचा असतो: एकूण बेरजेचे सूत्र बदलून ते पूर्णांकात आणलेल्या पोटबेरजांवर लावले जाते. वरच्या उदाहरणात D2 ते D4 मध्ये विभागांच्या मूळ रकमा रुपयांत आहेत आणि E2 ते E4 मध्ये त्यांचे पूर्ण लाख, असे धरा.

```
=SUM(E2:E4)                     59
=ROUND(SUM(D2:D4)/100000,0)     60
```

पहिले सूत्र रकाना जुळवते, पण खरी विक्री ६०.२२ लाख असताना अहवालात ५९ लाख लिहिते. तीन विभागांत हा फरक छोटा वाटतो. पण हा ५९ पुढे वर्षाच्या बेरजेत गेला, तिथून टक्केवारीत गेला, की प्रत्येक टप्प्यावर थोडे थोडे गळत राहते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवले. तिथला निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांश स्थळांनंतरचे अंक थेट तोडले जात. दिवसाला हजारो वेळा होणाऱ्या या तोडीमुळे नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ वर घसरलेला दिसत होता. नीट हिशेब केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला.

म्हणून पहिला उपाय जुना आणि साधा आहे. आतली सगळी गणिते पूर्ण रकमेवर करायची आणि पूर्णांकन फक्त छापण्याच्या क्षणी, प्रत्येक आकड्याचे स्वतंत्रपणे, एकदाच करायचे. मग ६० बरोबर, २६ बरोबर, २० आणि १३ही बरोबर, आणि तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरजा जुळतीलच असे नाही’ अशी टीप. सरकारी आकडेवारीत हेच करतात. एक्सेलमध्ये सेलचे फॉरमॅट बदलले तर फक्त दिसणे बदलते, आतली रक्कम शाबूत राहते, आणि इथे तेच हवे असते. त्याच एक्सेलमधला ‘Set precision as displayed’ हा पर्याय मात्र जपून. तो लावला की दिसतो तेवढाच आकडा सेलमध्ये उरतो आणि कापलेले अंक परत येत नाहीत.

या टिपेचा एक तोटा मी पुष्कळदा पाहिला आहे: तिच्याआड खरी चूक लपते. एखादी ओळ बेरजेच्या पट्ट्यातून सुटलेली असते आणि सगळे म्हणतात, राउंडिंगचा फरक असेल. हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. प्रत्येक ओळ पूर्णांकात आणताना जास्तीत जास्त अर्ध्या एककाने हलते. त्यामुळे फरक ओळींच्या संख्येच्या निम्म्याहून मोठा असेल, तर तो पूर्णांकनाचा असूच शकत नाही. प्रत्यक्षात काही ओळी वर जातात, काही खाली, आणि फरक याहून बराच कमी राहतो. शंभर ओळींच्या तक्त्यात तो साधारण तीनच्या आसपास असतो. तिथे पंधराचा फरक दिसला तर टीप खोडून सूत्रे तपासायला बसावे. दर महिन्याला फरक एकाच बाजूला पडत असेल, तर कुठेतरी पूर्णांकनाऐवजी नुसती तोड चालू आहे.

काही ठिकाणी टीप चालत नाही. मंडळापुढे जाणाऱ्या किंवा छापील पत्रकात रकाना जुळलाच पाहिजे, असा आग्रह असतो. मग वरून खाली यावे लागते, आणि ही रीत हिशेबनिसांची नाही, राजकारण्यांची आहे. अमेरिकेत लोकसंख्येनुसार राज्यांना जागा वाटायच्या होत्या आणि पाऊण जागा कुणाला देता येत नव्हती. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी सुचवले की प्रत्येक राज्याला आधी त्याच्या वाट्याचा पूर्णांक द्यावा आणि उरलेल्या जागा सर्वांत मोठा अपूर्णांक असलेल्या राज्यांना एकेक करून द्याव्यात. १७९२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्या रीतीचे विधेयक नाकारले. अमेरिकी अध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार. पण १८५० नंतर हीच रीत तिथे काही दशके चालली.

आपल्या तक्त्याला ती लावू. एकूण ६० पक्के. विभागांचे पूर्णांक २६, २० आणि १३ म्हणजे ५९, एक उरला. सर्वांत मोठा अपूर्णांक पुण्याचा, ०.४३, म्हणून पुणे २७. आता पुण्याच्या आत उतरा: १२, ८ आणि ५ मिळून २५, दोन उरले. ते ०.५७ आणि ०.४४ वाल्या डेपोंना गेले, म्हणजे १२, ९ आणि ६. नाशिक आणि नागपूर होते तसेच राहतात. आता सगळा तक्ता उभा जुळतो. किंमत एवढीच की ५.४४ लाखांचा डेपो ६ दिसतो आणि २६.४३ लाखांचा विभाग २७. या रीतीत कुठलाही आकडा एका पूर्ण एककाइतका कधीच सरकत नाही. हे आतबट्ट्याचे नाही, पण पुण्याच्या व्यवस्थापकाने विचारले तर उत्तर तयार हवे.

या रीतीची खोड अमेरिकेतच उघड झाली. १८८० च्या जनगणनेनंतर प्रतिनिधिगृहात किती जागा ठेवल्या तर कुणाला किती मिळतील, याची गणिते मांडताना दिसले की २९९ जागा असतील तर अलाबामाला ८ मिळतात आणि ३०० केल्या तर ७. एकूण जागा वाढली की मोठ्या राज्यांचा वाटा वेगाने वाढतो. त्यामुळे टेक्सस आणि इलिनॉय यांचे अपूर्णांक अलाबामाच्या पुढे निघून गेले. अहवालात हे असे दिसते: दुसऱ्याच विभागाची दुरुस्ती आली, एकूण बेरीज एकाने वाढली, आणि ज्या डेपोची विक्री बदललेलीच नाही त्याचा छापील आकडा एकाने उतरला. म्हणून महिन्यामागून महिना तुलना करायच्या तक्त्यांना मी ही रीत लावत नाही. तिथे टीपच बरी.

विभाग उभे आणि महिने आडवे असा तक्ता असेल, तर दोन्ही दिशांनी ताळा जमायला हवा, आणि एकेक एकक हाताने सरकवत बसले तर एक बाजू जुळवताना दुसरी मोडते. मायकेल बॅकरॅक यांनी १९६६ मध्ये हा प्रश्न गणित म्हणून मांडला. लॉरेन्स कॉक्स आणि लॉरेन्स अर्न्स्ट यांनी १९८२ मध्ये दाखवले की दोन दिशांच्या तक्त्यात सगळ्या बेरजा जुळवणारे पूर्णांकन नेहमीच सापडते, तेही प्रत्येक आकडा एका एककाच्या आत ठेवून. तिसरी दिशा आली, म्हणजे विभाग, महिना आणि शिवाय मालाचा प्रकार, की ही हमी संपते. काही तक्ते तशा रीतीने जुळतच नाहीत.

हे सगळे दाखवण्याच्या आकड्यांपुरते. बिलावर कापलेला पैसा मात्र खरोखर दिला-घेतला जातो, अगदी आण्याच्या मोडीसारखा. ९ टक्के सीजीएसटी ९.२५ रुपयांच्या तीन वस्तूंवर वेगवेगळा लावला तर ८३ पैशांप्रमाणे २.४९ रुपये होतो, आणि २७.७५ च्या बेरजेवर लावला तर २.५०. इथे अपूर्णांक बघून एखाद्या ओळीत पैसा सरकवता येत नाही. ओळींवर काढायचा की बेरजेवर, हे एकदा ठरवून बिल, खतावणी आणि विवरणपत्र या तिन्ही ठिकाणी तेच ठेवायचे. शेवटची रक्कम रुपयात आणताना जे पैसे कमी-जास्त होतात, ते ‘राउंड ऑफ’ खात्यात टाकायचे. वर्षअखेरीला त्या खात्याची शिल्लक काही रुपयांची असते. ती हजारांत गेली तर कुणीतरी त्या खात्याचा वापर बाकीच्या चुका जिरवायला केला आहे.