माकडहाडाचे दुखणे

पाठीच्या कण्याच्या सर्वांत खालच्या टोकाशी, गुदद्वाराच्या थोडे वर आणि मागे होणारी वेदना. कठीण जागेवर बराच वेळ बसल्यावर ती वाढते, आणि बसल्याजागेवरून उठताना तिची कळ सर्वांत तीव्र असते. चालताना किंवा कुशीवर झोपल्यावर ती बहुधा जवळजवळ नाहीशी होते. स्कॉटिश वैद्य जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८५९ मध्ये या दुखण्याला ‘कॉक्सीडिनिया’ हे नाव दिले आणि वैद्यकात आजही तेच चालते.

माकडहाड हे एकसंध हाड नाही. तीन ते पाच, बहुतेकांत चार, छोटे मणके एकाखाली एक जोडून ते झालेले असते आणि त्याचे टोक पुढे वळलेले असते. वरच्या बाजूला त्याचा त्रिकास्थीशी, म्हणजे कण्याच्या त्याच्या लगेच वरच्या हाडाशी, सांधा असतो. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे काही धागे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि गुदद्वाराकडे जाणारा एक बंध त्याला चिकटलेले असतात. त्यामुळे हाडाला मार लागला की शौचाच्या वेळी कुंथतानाही ते ओढले जाते आणि दुखते.

हे दुखणे बैठकीच्या कठीणपणामुळे होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते अर्धेच खरे आहे. ताठ बसल्यावर शरीराचा भार मुख्यतः दोन बैठकीच्या हाडांवर येतो. कुल्ल्याखाली तळहात ठेवून बसले की टोचतात ती हीच हाडे. माणूस मागे रेलला किंवा कंबर ढिली सोडून पोक काढून बसला की ओटीपोटाभोवतीचे कटीचे हाड मागे कलते, माकडहाड खाली येते आणि दोनाऐवजी तीन टेकूंवर भार पडतो. मऊ गादीत ही घसरण उलट अधिक होते, कारण कंबरेला आधार मिळत नाही. म्हणूनच काहींना लाकडी बाकापेक्षा खोल, बसक्या सोफ्यावर जास्त त्रास होतो. कठीण जागेचा दोष एवढाच की भार एका लहान ठिकाणी एकवटतो आणि त्या खालचे मांस आणि हाडाचे आवरण तासन्‌तास दाबले जाते.

निरोगी माणसातही बसताना माकडहाड थोडे हलते, साधारण ५ ते २५ अंशांपर्यंत. ही हालचाल २५ अंशांहून जास्त झाली, किंवा एक मणका दुसऱ्यावरून मागे सरकू लागला, तर सांध्याचे बंध ताणले जातात. उठताना सरकलेला भाग पुन्हा जागेवर येतो आणि तेव्हाच कळ उमटते. स्थूल माणसात बसताना कटी कमी फिरते, त्यामुळे टोक मागे उघडे राहते आणि मागे ढकलले जाते. अगदी कृश माणसात, किंवा वजन झपाट्याने घटल्यावर, चरबीची गादी पातळ होते आणि टोकाशी असलेले हाडाचे टोकदार उंचवटे थेट टोचू लागतात. स्त्रियांमध्ये हे दुखणे पुरुषांच्या सुमारे पाचपट आढळते. त्यांच्या कटीची ठेवण आणि बाळंतपणात या सांध्यावर येणारा ताण, ही त्याची मुख्य कारणे होत.

कोकण किनाऱ्यावर या दुखण्याला तीन वाटा फुटतात. पहिली पावसाळ्यातली. जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटा, आणि अंगणाच्या पायऱ्या जून ते सप्टेंबर शेवाळाने निसरड्या होतात. पाय पुढे सरकतो, माणूस मागे पडतो आणि पायरीची कड थेट माकडहाडावर बसते. सपाट जमिनीवर पडल्याने कुल्ल्यांचे मांस मार झेलते, पण पायरीच्या कडेवर तो आधार मिळत नाही, त्यामुळे पायरीवरचे पडणे अधिक वाईट. दुसरी वाट होडीची. लहान यांत्रिक होडी लाटेवरून खाली आदळते तेव्हा आडव्या फळीवर बसलेल्या माणसाचे ढुंगण क्षणभर सुटते आणि पुन्हा फळीवर आपटते. पुढच्या टोकाला, नाळेकडे, ही आदळआपट सर्वांत जास्त, मागच्या बाजूला बरीच कमी. घाटाच्या रस्त्यावर एस.टी.च्या शेवटच्या बाकावरही हाच प्रकार घडतो, कारण तो मागच्या चाकांच्याही मागे असतो. असे शेकडो छोटे धक्के एका पडण्याइतकाच परिणाम करू शकतात.

तिसरी वाट मासळी बाजारातली, आणि ती सर्वांत कमी ओळखली जाते. सकाळपासून दुपारपर्यंत बुटक्या पाटावर बसणाऱ्या विक्रेतीचे गुडघे कमरेहून वर असतात. गुडघे वर गेले की कटी आपोआप मागे कलते. विळीवर मासे कापताना ती पुढे वाकते, भार मांड्यांवर आणि पायांवर जातो आणि माकडहाड सुटते. गिऱ्हाईक नसताना मात्र ती मागच्या ओट्याला टेकते. त्या रिकाम्या वेळातच हाडावर खरा भार येतो, काम करताना नव्हे. म्हणून ‘मासे कापून कापून दुखतंय’ ही तक्रार बऱ्याचदा चुकीच्या वेळेला दोष देते.

उदाहरण घेऊ. साधारण पंचेचाळीस वर्षांची एक विक्रेती ऑगस्टमध्ये डोक्यावर पाटी घेऊन पाखाडी उतरताना घसरते आणि पायरीच्या कडेवर बसते. त्या दिवशी तिला चालता येते, पण ढुंगण टेकवता येत नाही. सावळ्या कातडीवर निळसर डाग उठून दिसेलच असे नाही, तेव्हा डाग दिसला नाही म्हणून मार लागला नाही असे समजू नये. पहिले दोन दिवस कपड्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. या दिवसांत गरम शेक टाळावा, कारण त्याने सूज वाढते. तेल लावून जोराने चोळणे किंवा ‘हाड बसवण्यासाठी’ कोणाकडून हिसका देऊन घेणे धोक्याचे आहे. हाडाला चीर असेल तर ती त्याने सरकू शकते. नुसता मुका मार दोन ते चार आठवड्यांत विरतो. हाड मोडले असेल तर आठ ते बारा आठवडे लागतात. मोडलेल्या माकडहाडाला प्लास्टर घालता येत नाही, तेव्हा दोन्हींत पहिले उपाय सारखेच असतात.

ती चौथ्या दिवशी बाजारात जाऊन पुन्हा पाटावर बसते. पाच आठवडे होतात, डाग कधीच गेलेला असतो, पण उठताना कळ कायम असते. नुसता मुका मार असेल तर इथे प्रश्न तो भरून येण्याचा उरत नाही, रोज त्याच सांध्यावर पुन्हा भार पडण्याचा असतो. बैठक सुमारे एक फूट उंच स्टुलावर नेली आणि समोरची फळी तेवढ्याच उंचीने उचलली की तिचे गुडघे बरेच खाली येतात आणि कटी मागे कलण्याचे प्रमाण घटते. स्टूल आणखी उंच करून गुडघे कमरेच्या पातळीला आणता आले तर उत्तमच, पण फळीही तितकी उंच होते की नाही ते आधी पाहावे, नाहीतर पाठ वाकून नवे दुखणे लागते. टेकण्याची सवय असेल तर टेकू कंबरेच्या खोलगट भागाला लागावा, खांद्यांना नव्हे. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे उभे राहणे, आणि उठताना आधी छाती पुढे झुकवून मग कुल्ले उचलणे, यातून होणारा फरक हळूहळू जाणवू लागतो. एकाच कुल्ल्यावर कलून बसण्याने माकडहाड वाचते, पण पुढे कंबर आणि खुबा दुखू लागू शकतात.

उशी निवडताना बहुतेकांची चूक होते. मूळव्याधीसाठी मिळणारी कड्यासारखी गोल उशी घेतली जाते, पण तिची मागची कड नेमकी माकडहाडाखाली येऊ शकते. उपयोगी उशी ती, जिची मागची बाजू कापून खाच केलेली असते आणि हाड हवेत राहते. ती घरीही करता येते. सुमारे ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम घ्यावा. मागच्या कडेच्या मध्यभागी १० सेंटिमीटर रुंद आणि १२ ते १५ सेंटिमीटर खोल खाच कापावी. बसल्यावर बैठकीच्या हाडाखाली हात घालून पाहावे. फोम दाबून बोटभरच उरला असेल तर तो मऊ आहे, त्यावर बसणे आणि फळीवर बसणे सारखेच. किनाऱ्यावरच्या दमट हवेत फोम पाणी धरतो आणि त्याला बुरशी येते, तेव्हा धुता येणारे सुती आवरण आणि आतून प्लास्टिकचा थर असावा. वरून रेक्झिन लावल्यास घामाने ढुंगण पुढे घसरते आणि बैठक पुन्हा मागे कलते. होडीत उशी फळीला बांधावी, नाहीतर पहिल्याच लाटेत खाच हाडाखालून सरकते.

या भागातले प्रत्येक दुखणे माकडहाडाचे नसते. शौचाच्या वेळी रक्त जात असेल आणि बसण्या-उठण्याशी वेदनेचा संबंध नसेल तर मूळव्याध किंवा भगंदराचा विचार करावा. कुल्ल्यांमधल्या फटीच्या वरच्या भागात केसांसह गाठ, लाली आणि पू असेल तर ती केसांची नाळी असते. दुसऱ्या महायुद्धात हादरणाऱ्या जीपवर बसणाऱ्या अमेरिकन सैनिकांत ती इतकी आढळली की तिला ‘जीप डिसीज’ म्हटले गेले. कळ मांडीतून पोटरीकडे उतरत असेल तर मूळ कंबरेच्या मणक्यात असण्याची शक्यता जास्त. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेजवळ बधिरपणा, ताप, कारणाशिवाय वजन घटणे किंवा झोपेतून उठवणारी वेदना असेल तर उशीची वाट पाहू नये. यातले पहिले दोन प्रकार असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीत डॉक्टर बोटाने टोक दाबून पाहतात. तीच ओळखीची कळ आली तर निदान बरेच पक्के होते. साधा उभ्याने काढलेला एक्स-रे पुष्कळदा निर्दोष दिसतो, कारण दोष बसतानाच उघड होतो. म्हणून एक एक्स-रे उभ्याने आणि एक कठीण स्टुलावर बसवून, असे दोन्ही एक्स-रे शरीराच्या कुशीकडून काढून अंशांतला फरक मोजतात. बहुतेक रुग्ण बैठक बदलणे, उशी, बद्धकोष्ठ टाळणे आणि गरजेपुरते वेदनाशामक यांवर बरे होतात. आयबुप्रोफेनसारखी गोळी उपाशीपोटी घेऊ नये, आणि मूत्रपिंडाचा किंवा जठरव्रणाचा त्रास असलेल्याने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. काही महिन्यांतही आराम न पडल्यास सांध्याजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. माकडहाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटची. तिच्यातून सर्वाधिक फायदा होतो तो ज्यांच्या बैठकीच्या एक्स-रेमध्ये अस्थिरता स्पष्ट दिसते त्यांना. जखम गुदद्वाराच्या इतकी जवळ असते की तिच्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा असतो, आणि नीट बसता येण्यास त्यानंतरही काही महिने जातात.