तिबेटी भाषांतरावरून मूळ संस्कृत ओळ परत मिळते का?

“पोथीतली संस्कृत ओळ फाटली तरी काय बिघडत नाही, तिबेटी किंवा चिनी भाषांतर उलटं फिरवलं की मूळ जसंच्या तसं मिळतं.”

अर्थ बऱ्याचदा मिळतो, पण शब्द मिळतीलच असं नाही. वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्राचा शेवटचा श्लोक घ्या. त्यात जगाला तारका, तिमिर, दीप, माया, दव, बुडबुडा, स्वप्न, वीज, ढग अशा नऊ उपमा आहेत. समजा तिसरा चरण फाटलाय आणि फक्त “...विद्युदभ्रं च” एवढंच उरलंय. तिबेटीत तिथे ‘मी-लाम’ आहे, म्हणजे स्वप्न, मग आपण सरळ ‘स्वप्नं’ भरतो आणि काम झालं असं वाटतं. पण आता अक्षरं मोजा, स्वप्नं विद्युदभ्रं च, सातच होतात, आणि अनुष्टुभ छंदाच्या चरणाला आठ लागतात! मूळ शब्द आहे ‘सुपिनं’, बौद्ध संस्कृतातलं प्राकृत वळणाचं रूप, आणि हे रूप तिबेटीत दिसणं शक्यच नाही कारण दोन्हींसाठी तिथे शब्द एकच.

चिनीचं तर अजून वेगळं, सगळ्यात जास्त वाचलं जाणारं कुमारजीवाचं भाषांतर (इ.स. 402 च्या सुमाराचं) सहाच उपमा देतं आणि त्यातली ‘सावली’ संस्कृतात नाहीच, उलट ह्युएन त्संगच्या भाषांतरात नऊच्या नऊ त्याच क्रमाने येतात. म्हणून एकाच चिनी प्रतीवर कधी विसंबू नका, दोन्ही शेजारी ठेवून उपमा मोजल्या तरी फरक लगेच दिसतो. आणि भरलेली अक्षरं छापताना चौकटी कंसात टाकायची, म्हणजे पोथीत खरंच काय उरलंय ते वाचणाऱ्याला कळतं.