‘क्रमशः’ला कुलूप कधी लागलं

वाचनाच्या ॲपवर एखादी मराठी कथामालिका रंगात आलेली असते. पंधरावा भाग संपतो आणि सोळाव्यावर कुलपाचं चित्र दिसतं. नाणी खर्च करा, सदस्य व्हा, नाहीतर उद्यापर्यंत थांबा. तुकड्यातुकड्याने गोष्ट वाचायची सवय आपल्याला सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. तुकड्याची किंमत मोजणं मात्र अगदी अलीकडचं.

हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये क्रमशः येऊ लागली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचकांपर्यंत तिथूनच पोचली. वाचक वर्गणी भरायचा ती अख्ख्या साप्ताहिकाची, एका प्रकरणाला वेगळा भाव नव्हता. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, पण वर्गणीदाराच्या हातात बाकीचा अंक असायचाच. पुढे मासिकांच्या काळातही हेच चाललं: लेखकाला मानधन संपादक देणार आणि वाचक अंक विकत घेणार.

मग इंटरनेट आलं. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या ठिकाणी लोक हौसेने लांबलचक कथा टाकू लागले. तिथे संपादक नव्हता आणि पैसाही नव्हता. मोबदला म्हणजे ‘पुढचा भाग कधी?’ हा प्रतिसाद. चार दिवसांत दहा जणांनी तो लिहिला की लेखक रात्री जागून भाग पुरा करायचा. (यातल्या कित्येक कथा अजून अर्धवट पडून आहेत, ते वेगळं.)

‘प्रतिलिपी’ हे गोष्टी लिहिण्या-वाचण्याचं व्यासपीठ २०१४ मध्ये सुरू झालं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि फोनवर मराठी वाचणाऱ्यांची संख्या भराभर वाढली. सुरुवातीला ॲपवरही सगळं फुकटच होतं. नंतर लेखकाला नाण्यांचे स्टिकर पाठवण्याची, महिन्याच्या सदस्यत्वाची आणि कुलूपबंद भागांची सोय आली. स्टिकर हे वाचकाने खुशीने दिलेलं बक्षीस. कुलूप मात्र पुढे काय झालं या ओढीवर चालतं. त्यामुळे भाग कुठे तोडायचा, या लेखनातल्या प्रश्नाला पैशाची बाजू चिकटली.

उदाहरणादाखल साठ भागांची मालिका घेऊ. प्रत्येक भाग बाराशे शब्दांचा, आठवड्याला तीन भाग, पहिले पंधरा खुले. समजा, साठ वाचक महिन्याला तीस रुपये भरून सदस्य झाले, म्हणजे १,८०० रुपये. ॲप स्टोअरने १५ टक्के घेतले तर उरतात १,५३०. त्यातला निम्मा वाटा ॲपचा धरला, तर लेखकाच्या हाती येतात ७६५. महिन्यात तेरा भाग लिहिले, म्हणजे एका भागाचे साधारण ५९ रुपये. ॲपगणिक आकडे बदलतात, पण वाटेत दोन ठिकाणी कात्री लागते हे नवा लेखक बहुतेक वेळा धरतच नाही.

म्हणून मग भागांची संख्या वाढवण्याचा मोह होतो. बाराशेचा भाग सातशेवर येतो, नायिका दार उघडते तिथे एक भाग संपतो आणि दारात कोण आहे ते पुढच्या भागाच्या शेवटी कळतं. महिनाभर हे खपून जातं. फटका बसतो सदस्यत्वाच्या नूतनीकरणाला, आणि तो पहिल्या महिन्याच्या आकड्यांत दिसत नाही.

वाचकसंख्या मात्र भागागणिक दिसते आणि ती नीट वाचली तर बरंच सांगते. नवव्या-दहाव्या भागापासूनच वाचक गळत असतील तर दोष गोष्टीत आहे, कुलपाला बोल लावण्यात अर्थ नाही. पंधराव्यापर्यंत आकडा टिकून सोळाव्याला धाडकन कोसळला, तर कुलपाची जागा तपासावी. थोडी घट तिथे होणारच, कारण पैसे न देणारा वाचक थांबतो किंवा रोज एक भाग उघडायची वाट पाहतो. वाट पाहणारे आठवड्याभराने त्याच भागावर दिसू लागतात. म्हणून कुलूप लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी घाबरून मालिका गुंडाळू नये.

कुलूप लावायला मला स्वतःला उत्कंठेच्या टोकापेक्षा एक प्रश्न सुटून दुसरा उभा राहतो ती जागा बरी वाटते. हरवलेलं पत्र पंधराव्या भागात सापडावं आणि त्यातलं अक्षर भलत्याच माणसाचं निघावं. वाचकाला पंधरा भागांचं काहीतरी हाती लागलेलं असतं, त्यामुळे पुढचे पैसे देताना तो कुरकुरत नाही.

मालिका मध्येच सोडणं मात्र आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. ‘करमणूक’च्या वर्गणीदाराला उरलेला अंक होता, मायबोलीकराने काही दिलेलंच नव्हतं. इथे बेचाळिसाव्या भागानंतर लेखक गप्प झाला, तर खाली प्रतिसादात महिने मोजले जातात: ‘ताई, तीन महिन्यांचे पैसे भरलेत, शेवट तरी सांगा.’